सल्ला : ‘माझा काय संबंध’ म्हणणाऱ्याला बांधावर आणायचं कसं?

*ताई, मी पहिलीच कादंबरी लिहितेय. अलिबाग-पेणकडच्या खारेपाटातलं गाव. नायक जनार्दन, वय ४६, अकरा वर्षांपूर्वी पंचाच्या भावाविरुद्ध कोर्टात साक्ष दिली म्हणून गावकीने वाळीत टाकलेला. आता खाडीचा बांध फुटतोय, शेतात खारं पाणी शिरतंय, गाव उठलंय आणि त्यांना हा सोबत हवाय. मला तो हिरो व्हायला नकोय. पण पहिली १२० पानं तो नुसता ‘नाही’ म्हणतो, मैत्रिणी म्हणतात कंटाळा येतो. मग पान १३० ला एक लहान मुलगी पाण्यात बुडते आणि हा थेट तहसीलवर जाऊन भाषण ठोकतो, ते मलाच खोटं वाटतं. काय करू?*
*— खारेपाटातली, सध्या डोंबिवली*

अगं, आधी त्या मुलीला पाण्यातून बाहेर काढ. खरंच. तिला जगू दे, शाळेत जाऊ दे, हवं तर पान १३० ला तिला ताप येऊ दे, पण मारू नकोस. लहान मूल बुडालं की कोणीही धावतं, जनार्दनही धावेल, त्याला वाळीत टाकणारा पंचही धावेल आणि शेजारच्या गावचा दारुडाही धावेल, म्हणजे त्या धावण्यातून जनार्दनबद्दल आपल्याला काहीच कळत नाही. शिवाय आधीच्या १२० पानांत तू जो काही विरोध उभा केलास तो त्या एका मृत्यूने पुसून टाकलास, त्याच्याशी वाद न घालताच. वाचकाला तेच खोटं वाटतं, त्याचं बदलणं नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे जे तू पार्श्वभूमी म्हणून लिहून टाकलंस आणि माझ्या मते अख्खी कादंबरी तिथे आहे, ते म्हणजे त्याने साक्ष दिली होती. म्हणजे हा माणूस हिरो व्हायला घाबरत नाहीये, तो एकदा होऊन आलाय. त्याला माहितीय त्याचं बिल किती येतं आणि कोणाच्या नावावर फाटतं. तर पहिलं काम, ते बिल काढ. ‘गावाने त्याला वाळीत टाकलं, तो एकाकी पडला’ असं नाही, आयटम लिहून काढ. दुकानदार सामान देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही म्हणून तो आठवड्यातून एकदा सायकलवर पुढच्या गावाला जातो. बाप गेला तेव्हा खांदा द्यायला बाहेरगावचे पाहुणे येईपर्यंत मयत दुपारपर्यंत अंगणात पडून होतं. मोठ्या मुलीच्या हळदीला मांडवात घरचेच सातजण, आणि तू आगरी घर दाखवत असशील तर धवलारीण आली नाही हे तर हवंच, कारण धवला गायल्याशिवाय लागलेलं लग्न त्याच्या बायकोच्या लेखी आजही अर्धं लागलंय. जो त्याच्याशी बोलेल त्यालाही दंड, म्हणून त्याचा सख्खा चुलतभाऊ रस्त्यात दिसला की मोबाईल कानाला लावतो.

एवढं कागदावर आलं की त्याचं ‘नाही’ आपोआप जड होतं. आत्ता तुझ्या ड्राफ्टमध्ये (पत्रावरून अंदाज बांधतेय) तो नाही म्हणतो कारण तो कडवट आहे. कडवटपणा हा स्वभाव झाला, स्वभावाचा पाच पानांत कंटाळा येतो. पण नाही म्हणतो कारण धाकट्या मुलीचं लग्न अजून व्हायचंय आणि या वेळी तरी मांडवात धवलारीण उभी राहावी म्हणून तो अकरा वर्षं मान खाली घालून राहिलाय, हा हिशोब झाला, आणि हिशोब बरोबर आहे! वाचकाने मनातल्या मनात म्हणायला पाहिजे की बाबा तू जाऊ नकोस. ज्याचा नकार चूक आहे तो नुसता अडून बसलाय, त्याला कोणीतरी दोन वाक्यं सुनावली की काम झालं. ज्याचा नकार बरोबर आहे त्याला हलवायला कादंबरी लागते.

इथे एक प्रश्न तुला वाचक विचारणारच, त्याचं उत्तर तयार ठेव : हा पोलिसात का जात नाही? महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, २०१६ ला विधिमंडळाने केला, २०१७ ला लागू झाला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुझी गोष्ट कोणत्या सालात घडते ते तू लिहिलं नाहीस. त्याआधीची असेल तर प्रश्न मिटला. आत्ताची असेल तर कोणीतरी, समजा अलिबागचा एखादा तरुण वकील, त्याला हे सांगणार आणि जनार्दनला नाही म्हणावं लागणार, आणि त्याचं कारण बघ किती सोपं आहे, गावकी काही लेटरहेडवर ठराव करत नाही. कागद नाही, सही नाही, ‘आमचं काय म्हणणं नाय हो, ज्याची त्याची मर्जी’ असं पंच हसत सांगणार, आणि शाबीत करायला साक्षीदार आणायचे ते त्याच गावातून. साक्ष दिल्याने काय होतं हे याच्याइतकं कोणाला माहितीय? तो दुसऱ्या कोणाला साक्ष द्यायला सांगूच शकत नाही. हा सीन लिही, दोन पानांत होईल, आणि त्यातून त्याचा भला माणूसपणा एकही भला शब्द न वापरता दिसेल.

(बाजूला एक गोष्ट. वाळीत टाकलेला आणि जन्मानेच वेशीबाहेर ठेवलेला हे दोन वेगळे माणूस आहेत, एका साच्यातून काढू नकोस. जनार्दनची गावात जागा होती आणि ती काढून घेतली, म्हणून त्याला परत आत जायची भूक आहे. ज्याला आत कधी घेतलंच नाही त्याची भूक वेगळी, राग वेगळा, आणि गावाने मदतीला बोलावलं तर त्याचा पहिला प्रश्नही वेगळा असेल. काही ड्राफ्टमध्ये मी ही सरमिसळ बघते आणि मग नायक कोणाचाच राहत नाही.)

आता कंटाळ्याचं. १२० पानं नाही म्हणणं कंटाळवाणं होतं ते नकारामुळे नाही, एकच नकार पुन्हा पुन्हा आल्यामुळे. कोणीतरी येतं, चल म्हणतं, हा नाही म्हणतो, ते जातं, हा बिडी ओढतो. पुढच्या प्रकरणात दुसरं कोणी येतं. मी पण माझ्या पहिल्या दीर्घकथेत हेच केलं होतं, माझा नायक इतक्या वेळा दाराशी उभा राहून नाही म्हणाला की एका संपादकबाईंनी समासात लिहिलं होतं, ‘याला एकदा बसायला तरी सांगा’. तेव्हा वाईट वाटलं, नंतर कळलं की बाई बरोबर होत्या, माझी गोष्ट दारातून आत जातच नव्हती.

त्यावर मी जे करते ते सांगते. नायक आपला नकार कधीच सोडत नाही, शेवटपर्यंत, पण तो नकार दर वेळी लहान होत जातो. जनार्दनसाठी चार नकार मांडून बघ :

मी येणार नाही.
मी सही करणार नाही.
मी बोलणार नाही.
मी पुढे बसणार नाही.

वाचताना कळलं ना? ‘मी सही करणार नाही’ म्हणणारा माणूस तिथे आलेला आहे. ‘मी बोलणार नाही’ म्हणणाऱ्याची सही झालेली आहे. तो प्रत्येक वेळी नाहीच म्हणतोय आणि खरंच म्हणतोय, त्याला स्वतःला वाटतंय की आपण ठाम आहोत, पण नकाराची हद्द मागे सरकतेय, अगदी खारं पाणी शेतात सरकतं तशी, सकाळी बघावं तर कालच्या खुणेच्या आत. म्हणजे मन बदलल्याचा सीन तुला लिहायलाच नको. तो सीन नाहीच आहे. दोन नकारांच्या मध्ये काय घडलं तेवढं लिहायचं, आणि मध्ये जे घडतं ते त्याने स्वतःच्या कामासाठी केलेलं असलं पाहिजे, गावासाठी नाही. आणि केल्यावर परत फिरता येऊ नये. या दोन अटी पाळल्या की बाकी सगळं जुळून येतं. उदाहरण म्हणून तुझ्याच गोष्टीवर चालवून दाखवते, जसंच्या तसं घ्यायची गरज नाही.

पहिल्या नकाराआधी याला एक गोष्ट दे जी फक्त यालाच माहितीय, आणि ती वाळीत टाकल्यामुळेच माहिती झालेली असू दे. इथे लोक हमखास चुकतात, नायकाला काहीतरी भारी ज्ञान देतात. भरतीचं गणित त्याला येतं असं दाखवून चालणार नाही, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा, हे खारेपाटात शाळकरी पोरालाही येतं आणि तुझा तिकडचा वाचक हसेल. पण असं बघ. पावसाळ्यात आपल्याकडची मोठी भरती दिवसा येते, दुपारच्या सुमाराला, तेव्हा भात उभा असतो आणि अख्खं गाव बांधाकडे डोळे लावून असतं. हिवाळ्यात उलटं, उधाणाची मोठी भरती रात्री येते, अमावास्या-पौर्णिमेला मध्यरात्रीच्या आसपास, आणि तेव्हा भात कापून झालेला, शेतं रिकामी, गाव गोधडीत. त्या वेळी बांधावर कोण असतं? ज्याला दिवसा गावकऱ्यांच्या शेजारी उभं राहून जाळं टाकता येत नाही तो. अकरा हिवाळे हा एकटा रात्री बांधातल्या पाण्याच्या दारांशी, म्हणजे उघाडीपाशी, जाळं घेऊन बसलाय, म्हणून पौषातल्या उधाणाला बांध कुठे पाझरतो, खेकड्यांची बिळं कुठून आरपार गेलीत, हे त्याला पायाला कळतं. गावाने त्याला बाहेर काढलं आणि त्या बाहेर काढण्यातूनच तो गावाला लागणारा माणूस झाला. हे तुला फार समजावून सांगावं लागणार नाही, नुसतं दाखवलंस तरी पुरे.

म्हणजे तुझी सुरुवातीची फूट पावसाळ्यातून उचलून पौषात आण. लोक आले, चल म्हणाले. ‘तुमचा बांध तुमी बांधा, माजा काय संबंध.’ ठीक. पण त्याच्या आठ गुंठ्यांत एक तळं आहे आणि तळ्यात जिताडे मासे आहेत, दोन वर्षं वाढवलेले, धाकटीच्या लग्नाचं सोनं त्यातूनच निघायचंय. खारं पाणी तळ्याच्या काठावरून वाहिलं की जिताडा मरत नाही, पळतो, पाण्याबरोबर खाडीत, आणि मग दुसऱ्याच्या जाळ्यात. म्हणून हा रात्री जाऊन आपल्या तळ्यासमोरच्या बांधाची बिळं चिखल-पेंढा ठासून बुजवतो. फक्त आपल्यासमोरची, तो काही संत नाहीये. पण बांध एकच असतो गं, पाणी सर्व्हे नंबर बघून शिरत नाही, पलीकडचं बीळ उघडं राहिलं तर इकडचं बुजवून उपयोग शून्य. म्हणून तो चार हात पलीकडे जातो, मग आणखी चार हात. उजाडायला लागतं आणि सगळी बिळं होत नाहीत, तेव्हा उरलेल्या ठिकाणी काठ्या रोवून त्याला चिंध्या बांधून येतो, उद्या रात्री सापडावीत म्हणून. स्वतःसाठी खूण.

सकाळी गावकरी येतात, काठ्या बघतात. चिंध्या कोणाच्या लुगड्याच्या आहेत हे बायकांना लगेच कळतं, बोलत कोणीच नाही. जिथे काठी तिथे चिखलाची पाटी टाकायची, बीळ बुजवायचं, पुढे जायचं. दुपारपर्यंत काम होतं आणि त्याचं नाव एकदाही घेतलं जात नाही, म्हणजे कोणाला दंडही होत नाही. हा सीन मला तुझ्याकडून पाच-सहा पानांचा हवाय, घाई करू नकोस. गावाने त्याची मदत घेतली, आभार मानायचे नाहीत म्हणून सगळ्यांची सोय झाली, आणि त्याची पण झाली. रात्री तो जातो तर काठ्या उपटून नीट एकावर एक रचून ठेवलेल्या. बास, एवढंच. इथे ‘त्याच्या मनात काहीतरी हललं’ असं वाक्य लिहिलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. या माणसाच्या डोक्यात शिरूच नकोस अशा ठिकाणी, हात दाखव, चिखल दाखव, तो काठ्या मोजतो हे दाखव. त्यात एक काठी कमी निघाली तर कोणी ठेवून घेतली याचा विचार वाचक करेल, तुला करायला नको.

दुसरा टप्पा कागदाचा. बांधाला मोठी खांड पडते, तलाठी पंचनाम्याला येतो, बाधितांची यादी गावकीने केलीय आणि अर्थातच जनार्दनचं नाव नाही. पण त्याचा तुकडा नेमका उघाडीला लागून आहे, खांड तिथूनच पडलीय, त्या गटाशिवाय यादी म्हणजे तोंड नसलेला माणूस. तलाठी म्हणतो हा गट नंबर का नाही? आता पंचाला त्याच्या दारात यावं लागतं. तो स्वतः येत नाही, पोराला पाठवतो (हे पोरगं तरुण ठेव, त्याला अकरा वर्षांपूर्वीचं काही आठवत नाही, तो सहज ‘काका’ म्हणतो आणि जनार्दनला घोट गिळता येत नाही). जनार्दन सातबारा देतो कारण भरपाई त्यालाही हवीय. पण अर्जावर सही करणार नाही. मग दोन दिवसांनी कळतं की सहीशिवाय त्याचा गट धरत नाहीत, आणि जिताड्यांचे पैसे बुडतात. करतो सही, यादीत सगळ्यात खाली. गाव आता त्याच्या नावासकट एका कागदावर आहे आणि ते दोघांनाही पुसता येत नाही.

ही पायरी पटकन उरक, सरकारी कागदाच्या सीनमध्ये नवे लेखक रेंगाळतात कारण तिथे रिसर्च केलेला असतो. तीन-चार पानं खूप झाली.

तिथेच घड्याळ पण सुरू कर, कारण घड्याळ नसेल तर हळूहळू ओढला जाणारा माणूस हळूहळूच राहतो. तुझ्या विषयात घड्याळ आयतं आहे. शेतात खारं पाणी येऊन राहिलं की दोन-तीन वर्षांत कांदळवन उगवतं, आणि एकदा कांदळवन उगवलं की तोडता येत नाही, २०१८ ला हायकोर्टाने त्याबाबत फार कडक निकाल दिलाय. झाडांच्या बाजूने तो निकाल योग्यच आहे, पण ज्याच्या भाताच्या खाचरात ती उगवली त्याच्यासाठी शेत कायमचं गेलं. हे भाषणात सांगू नकोस. जनार्दनच्या बायकोला एका सकाळी बांधाच्या आत, त्यांच्या खाचरात, कांदळाचं एक वीतभर रोप दिसू दे. ती ते उपटते. इकडेतिकडे बघून उपटते.

आता खरा डाव. गावकी त्याला आत घ्यायला तयार होते. ही ऑफर यायलाच हवी आणि ती चांगली हवी, माफी नको, दंड नको, पालखी दारात येईल, धाकटीच्या हळदीला गाव येईल, धवलारीण येईल. अकरा वर्षं ज्यासाठी मान खाली घातली ते सगळं एका ताटात. अट एवढीच, सुनावणीला अधिकाऱ्यासमोर आमच्याबरोबर उभा राहा, बोलायचं आम्ही बोलू. आणि जनार्दन म्हणतो, मी येतो, पण बोलणार नाही. तिसरा नकार! आणि गंमत म्हणजे या वेळी त्याचा नकार आणि गावकीची अट एकच आहे, दोघांनाही तो गप्पच हवाय. तुझा नायक आणि तुझा खलनायक एकमताने एकाच गोष्टीवर आले की समज प्रकरण रंगलं.

गप्प का हवाय? कारण बांध उधाणाने फुटलेलाच नाही. उघाडीची दारं भरतीला बंद राहायला हवीत, ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडण्यापुरती ती उघडायची. पण भरतीला दारं उघडी ठेवली की पाण्याबरोबर मासळी आत येते आणि तोंडाशी जाळं लावलं की रात्रीत पैसे. कोणीतरी कित्येक हिवाळे दारांना खुंटी मारून ती उघडी ठेवतंय, आणि पाण्याच्या त्या मार्‍याने उघाडीचा पाया खालून पोखरला गेला. रात्री तिथे कोण असतं ते आपण वर ठरवलंय, म्हणजे कोण खुंटी मारतं हे जनार्दनने पाहिलेलं आहे. आणि खुंटी मारणारा तोच, ज्याच्याविरुद्ध त्याने साक्ष दिली होती. पंचाचा भाऊ.

म्हणून म्हटलं की कादंबरी त्या एका वाक्यात आहे. तुझ्या क्लायमॅक्सला त्याच्याकडून नवीन काही करून घ्यायचंच नाही, जे एकदा केलं आणि ज्याने आयुष्य मोडलं तेच पुन्हा करायची वेळ आणायची, या वेळी किंमत माहिती असताना आणि हातात तोंडाशी आलेला घास असताना. पहिल्या वेळी तो तरुण होता, त्याला वाटलं खरं बोललं की झालं. आता त्याला सगळा रेट माहितीय.

आणि तिथे भाषण नको. पंच बोलतोय, ‘साहेब, उधाण एवढं होतं की बांध वरून फुटला’, अधिकारी लिहून घेतोय, आणि जनार्दन मागून म्हणतो, ‘वरून नाय. उघाडीच्या खालून फुटलाय.’ एवढंच. न्यायासाठी नाही, क्रांतीसाठी नाही, चुकीचं लिहिलं जातंय ते त्याला सहन होत नाही म्हणून, जसा गवंडी दुसऱ्याची तिरकी भिंत बघून गप्प बसू शकत नाही. शिवाय त्यात गावाचं हितही आहे, वरून फुटला असं लिहिलं तर वरूनच माती टाकून जातील आणि पुढच्या पौषात पुन्हा तेच. अधिकारी विचारतो, तुम्हाला कसं माहिती? आणि आता तो उत्तर देईपर्यंत जो वेळ जातो त्यात तुझी १२० पानं एकदम वसूल होतात, ती फुकट गेलेली नसतात.

तो नाव घेतो की नाही हे तू ठरव. मी असते तर घेऊ दिलं नसतं, नुसतं ‘खुंटी बघा’ एवढंच म्हणू दिलं असतं, कारण खुंटी अजून तिथेच आहे. पण एक गोष्ट जरूर कर, या वेळी साक्ष एकट्याची नको. आधीच्या वेळी कोर्टात तो एकटा होता. आता मागून एखादी म्हातारी म्हणू दे, ‘व्हय, मी पण बघलाय.’ जिने ती एक काठी ठेवून घेतली होती ती. बदल त्याच्यात झालाच नाही बघ, तो अकरा वर्षांपूर्वी होता तसाच आहे, बदल त्याच्या शेजारी झाला. बऱ्याच जणांना वाटतं की अशा गोष्टीत नायक सुधारतो. माझ्या मते नायक तोच राहतो आणि त्याच्या भोवतीचं गाव एकेका माणसाने सरकतं, म्हणून गावातली निदान चार माणसं तुला नायकाइतकी नीट लिहावी लागतील. आत्ता ‘गावकरी म्हणाले’ असं किती वेळा येतं ते मोजून बघ.

चौथा नकार छोटा आहे. पुढच्या मोर्चाला त्याला पुढे बसवायला बघतात, तो मागे जाऊन बसतो. त्याला नम्रपणा समजून लिहू नकोस, मागे बसलं की निघून जाता येतं, एवढा साधा हिशोब असू दे. आणि गावकीने ऑफर मागे घेतली का, धवलारीण आली का, हे मला नाही माहिती, तू शोध. फक्त गावाने त्याला डोक्यावर घेतलं असं करू नकोस. काही घरं बोलायला लागली, काही नाहीत, गिरणीवाला दळण घेतो पण सगळ्यात शेवटी घेतो, असं काहीतरी अर्धवट खरं वाटेल.

दोन किरकोळ गोष्टी. एक, १९३३ ते ३९ चा चरीचा संप तू आणणार असशीलच, त्या पट्ट्यात लिहिताना मोह होतोच, सहा वर्षं खोतांच्या जमिनी न कसणारी गावं, नारायण नागू पाटील, सगळं. आण, पण जनार्दनविरुद्ध वापर. ‘तुजा आजा संपात होता आणि तू घरात बसतोस?’ हे वाक्य पंचाच्या तोंडी किती लागेल बघ, एकीची आठवण सांगणारा तोच आहे ज्याने एकाला बाहेर काढलं. त्याच्यावर जनार्दनने काहीही उत्तर देऊ नये, सायकलची चेन बसवत राहावी.

दुसरी, बोली. मी वर ‘नाय’, ‘माजा’ असं कामचलाऊ लिहिलंय, माझी बोली ती नाही आणि तुझीही डोंबिवलीत राहून जरा पातळ झाली असेल. संवाद घरच्या कोणा म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखव, आणि ते कुठे हसतात त्याकडे नाही, कुठे मध्येच तोडून ‘असं नाय बोलत आपन’ म्हणतात तिथे पेन्सिलने खूण कर. पान १३० च्या आधी मला वाटतं तुझी चाळीसेक पानं जातील. ती फाईल डिलीट करू नकोस, त्यातला तो सायकलवर दळण नेणारा भाग कुठेतरी असेलच, तो काढून पान एकवर आण.